रिपोर्ट कुठे अडला? गगनबावड्याहून निघालेलं एक पत्र

"रिपोर्ट लवकरात लवकर पाठवावा, ही विनंती." फॅमिली डॉक्टरने मोठ्या रुग्णालयाला धाडलेल्या पत्रात एवढंच असेल, तर त्या पत्राने सहसा काही हलत नाही. रिपोर्ट कोणाचा, कुठल्या तपासणीचा, घाई कशासाठी आणि आणखी आठवडा गेला तर नेमकं काय बिघडेल, यातलं काहीच वाचणाऱ्याला कळत नाही. सीटी स्कॅन विभागात रिपोर्ट मागायला येणाऱ्या प्रत्येकाला तो लवकरच हवा असतो. मग त्यातला कुठला आधी वाचायचा, हे तिथल्या डॉक्टरने कशावरून ठरवावं?

हा प्रश्न गगनबावड्यासारख्या तालुक्यात जास्त टोचतो. कोल्हापूरपासून पंचावन्न किलोमीटरवर, सह्याद्रीच्या अगदी माथ्यावरचा हा भाग. पलीकडे करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट कोकणात उतरतात. कोल्हापूर जिल्ह्यातला सगळ्यात जास्त पाऊस इथे पडतो. सीटी, एमआरआय, शस्त्रक्रियेचे तज्ज्ञ यांसाठी इथला माणूस कोल्हापूरलाच जातो. जुलै-ऑगस्टमध्ये कुंभी नदीचं पाणी मांडुकलीजवळ रस्त्यावर आलं की तो रस्ता बंद पडतो. "परवा येऊन रिपोर्ट घेऊन जा" हे वाक्य कोल्हापूर शहरातल्या माणसाला अर्ध्या तासाचं काम वाटतं. इथल्या शेतकऱ्याचा त्यात आख्खा दिवस जातो, रोजगार बुडतो, आणि मांडुकलीला पाणी असेल तर जाणंच होत नाही. आपल्याकडे रिपोर्ट एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात नेणारा माणूस बहुतेक वेळा रुग्ण स्वतः किंवा त्याचा मुलगा असतो. तो अडकला की रिपोर्टही अडकतो.

असं पत्र नीट कसं लिहायचं, हे एका उदाहरणावरून पाहू. हा रुग्ण कोणी एक माणूस नाही. या भागातल्या दवाखान्यांत ज्या क्रमाने गोष्टी घडतात, त्यावरून तो रचला आहे. आजार मात्र मुद्दाम निवडलेला आहे, कारण त्यात रिपोर्टच्या उशिराची किंमत आकड्यांत दिसते.

असळज-साळवण पट्ट्यातला 58 वर्षांचा शेतकरी. डोळे पिवळे झाले म्हणून त्याने आधी तीन आठवडे काविळीचं गावठी औषध घेतलं. यात नवल काही नाही. आपल्याकडे कावीळ म्हटलं की दूषित पाण्याने होणारी कावीळच डोळ्यांसमोर येते, आणि ती बहुतेक वेळा आपोआप बरी होते, म्हणून औषधाला गुण येतो असं वाटतं. या माणसाची कावीळ मात्र कमी झाली नाही. तो 1 जुलैला डॉक्टरकडे आला तेव्हा लघवी गडद चहासारखी होती, संडास पांढुरकी, आणि अंगाला अशी खाज की रात्री झोप नव्हती. ताप नव्हता, पोटात दुखतही नव्हतं. वजन तीन महिन्यांत 64 किलोवरून 57 वर आलं होतं.

या लक्षणांचा मेळ अनुभवी डॉक्टरला सावध करतो. यकृतात तयार झालेलं पित्त एका नळीतून आतड्यात उतरतं. तिला पित्तनलिका म्हणतात. संडासाला जो पिवळसर-तपकिरी रंग असतो तो या पित्तामुळेच. ती वाट बंद झाली की पित्त आतड्यात पोचत नाही, म्हणून संडास पांढरी पडते. तेच पित्त रक्तात साठतं, लघवीवाटे बाहेर पडतं आणि ती गडद होते. म्हणजे इथे यकृत बिघडलेलं नाही, नळी तुंबलेली आहे. खडा अडकून ती तुंबली असेल तर सहसा पोटात जोराची कळ येते. न दुखता, हळूहळू वाढणारी कावीळ आणि सोबत घटणारं वजन असेल, तर नळीच्या खालच्या टोकाशी, स्वादुपिंडाच्या डोक्याजवळ गाठ आहे का, हे पाहावंच लागतं. स्विस शल्यविशारद कुर्व्हॉझिए यांनी 1890 मध्ये एक खूण नोंदवली होती: कावीळ आहे आणि पित्ताशय फुगून हाताला लागतंय, तर कारण खडा असण्याची शक्यता कमी. ही खूण आजही डॉक्टर पोट तपासताना शोधतात. या रुग्णात ती सापडली.

रक्तातलं बिलिरुबिन 9.4 आलं. निरोगी माणसात ते साधारण 1.2 च्या आत असतं. सोनोग्राफीत पित्तनलिका 14 मिलिमीटर रुंद दिसली, म्हणजे नेहमीच्या दुपटीइतकी. तिचं खालचं टोक मात्र आतड्यातल्या वायूमुळे दिसलं नाही, आणि सोनोग्राफीची मर्यादा बहुधा तिथेच येते. डॉक्टरने चिठ्ठी देऊन रुग्णाला कोल्हापूरच्या एका मोठ्या रुग्णालयाच्या शस्त्रक्रिया विभागात पाठवलं. तिथून सीटी स्कॅन सांगितला गेला. क्रिएटिनिन तपासून, म्हणजे मूत्रपिंडाला रंगाचं इंजेक्शन सोसेल याची खात्री करून, 8 जुलैला सीटी झाला. फिल्म आणि सीडी लगेच मिळाली. रिपोर्ट तीन दिवसांनी.

11 तारखेला मुलगा जाऊन आला. "डॉक्टर, रिपोर्ट अजून तयार न्हाई म्हणत्यात. परवा या म्हणालेत." परवापासून मांडुकलीला पाणी. 16 जुलै उजाडला तरी रिपोर्ट नाही.

आता या आठ दिवसांत काय घडलं, ते पत्र लिहिण्याआधी डॉक्टरला माहीत हवं. म्हणून पत्राची सुरुवात कागदावर होत नाही, रुग्णाला पुन्हा तपासण्यापासून होते. 16 तारखेला बिलिरुबिन 15.2 निघालं. वजन साडेपंचावन्न किलो. रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणारा आकडा, आयएनआर, 1.6 वर गेला होता; तो साधारण 1 असायला हवा. असं का होतं? पित्त आतड्यात नसेल तर खाल्लेली चरबी पचत नाही, चरबीत विरघळणारं व्हिटॅमिन के शरीरात शिरत नाही, आणि त्याच्याशिवाय यकृताला रक्त गोठवणारे घटक पुरेसे बनवता येत नाहीत. डॉक्टरने व्हिटॅमिन के सुरू केलं. ताप, थंडी, पोटदुखी आहे का, हे पुन्हा विचारलं. नव्हतं.

ताप नसणं इथे फार महत्त्वाचं. तुंबलेल्या पित्तात जंतू शिरले की हुडहुडी भरून ताप येतो, आणि माणूस काही तासांत खालावू शकतो. कावीळ असलेल्या रुग्णाला हुडहुडी भरली, तो बरळू लागला, लघवी कमी झाली किंवा रक्तस्राव सुरू झाला, तर रिपोर्टसाठी पत्र लिहीत बसायचंच नाही. 108 ला फोन करून त्याला दाखल करायचं. रिपोर्ट मागाहून मिळेल. हा रुग्ण त्या टप्प्यावर नव्हता, म्हणूनच पत्राला अर्थ होता.

डॉक्टरांची अशी पत्रं आपल्याकडे बहुधा इंग्रजीत जातात. त्याचा मजकूर मराठीत असा:

"प्रति, प्रमुख, रेडिओलॉजी विभाग.
प्रत: शस्त्रक्रिया विभाग, बाह्यरुग्ण कक्ष (तपासणी यांनी सांगितली).

विषय: 8 जुलैच्या पोटाच्या सीटी स्कॅनचा रिपोर्ट मिळालेला नाही. वाढती कावीळ, स्वादुपिंडात गाठ असल्याची शंका.

रुग्ण: पुरुष, वय 58. पूर्ण नाव, केसपेपर क्रमांक आणि सीटीचा क्रमांक सोबतच्या पावतीच्या झेरॉक्सवर आहे.

या रुग्णाला साधारण पाच आठवड्यांपासून न दुखणारी, वाढत जाणारी कावीळ आहे. तीन महिन्यांत वजन आठ किलोंहून जास्त घटलं. पित्ताशय हाताला लागतं. सोनोग्राफीत पित्तनलिका 14 मिमी. खालचं टोक दिसलं नाही. नळीत स्टेंट घातलेला नाही.

सीटीनंतर बदललेलं: बिलिरुबिन 9.4 वरून 15.2. आयएनआर 1.6, व्हिटॅमिन के सुरू केलं आहे. ताप नाही, थंडी नाही.

रिपोर्टवर अडलेला निर्णय: थेट शस्त्रक्रिया की आधी नळी मोकळी करणं. सीटीला 5 ऑगस्टला चार आठवडे होतील. त्यापुढे शस्त्रक्रिया गेली तर तो पुन्हा करावा लागू शकतो.

विनंती: रिपोर्ट अंतिम झाला नसल्यास प्राथमिक निष्कर्ष आज फोनवर कळवावा, लेखी रिपोर्ट मला आणि शस्त्रक्रिया विभागाला पाठवावा. काही माहिती किंवा जुने कागद हवे असल्यास ते मी लगेच पाठवतो. माझा मोबाइल आणि दवाखान्याचा फोन खाली आहे. उद्या सकाळी 11 वाजता मी आपल्या विभागात फोन करीन. दरम्यान ताप आल्यास रुग्णाला थेट आपल्या अपघात विभागात पाठवतो आहे."

एका पानात मावणारं हे पत्र आहे. त्यात कुठेही तक्रार नाही. ती नसावी असं मला वाटतं, आणि ते केवळ सभ्यतेसाठी नाही. तक्रारीला उत्तर म्हणून खुलासा येतो, आणि खुलासा तयार व्हायला रिपोर्टपेक्षा जास्त वेळ लागतो. उशीर का झाला याची चौकशी व्हायलाच हवी, पण वेगळ्या पत्राने, रुग्णाचं मार्गी लागल्यावर.

पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ वरवर पाहिली तर किरकोळ वाटते: "नळीत स्टेंट घातलेला नाही." ती का, हे समजायला सीटी झाल्यापासून रिपोर्ट हातात पडेपर्यंत काय होतं ते पाहावं लागेल.

यंत्रातून निघालेल्या शेकडो आडव्या छेदांच्या प्रतिमा संगणकात साठवल्या जातात आणि रेडिओलॉजिस्टच्या यादीत त्या रुग्णाचं नाव येतं. शिकवणारं रुग्णालय असेल तर आधी निवासी डॉक्टर त्या पाहून कच्चा रिपोर्ट लिहितो. मग वरिष्ठ तो तपासतात, दुरुस्त करतात, सही करतात. सही झाली की तो अंतिम. त्यानंतर तो छापला जातो किंवा संगणकावर दिसू लागतो, आणि ज्या विभागाने तपासणी सांगितली तिथे जातो. गगनबावड्याच्या डॉक्टरकडे तो आपोआप जात नाही, कारण सीटी त्याने सांगितलेला नसतो. खिडकीवरचा माणूस जेव्हा "तयार नाही" म्हणतो, तेव्हा यातल्या कुठल्या पायरीवर काम अडलंय हे त्यालाही सहसा माहीत नसतं. प्रतिमा कोणी उघडल्याच नसतील, किंवा रिपोर्ट लिहून झालाय आणि फक्त सही राहिलीय, किंवा सही होऊन तो दुसऱ्याच विभागाच्या फायलीत पडलाय. तिन्हींवरचा उपाय वेगळा, आणि तिन्हींचं उत्तर खिडकीवर एकच.

म्हणून फोनवर "रिपोर्ट झाला का?" असं विचारू नये. "या क्रमांकाचा स्कॅन आत्ता कुठल्या पायरीवर आहे, आणि कोणाच्या नावावर?" असं विचारावं. क्रमांक केसपेपरचा नको, सीटीचा हवा. नावावरून शोधायला गेलं की पाटील, कांबळे, चौगुले यांच्या गर्दीत वेळ जातो. शिवाय एकाच माणसाचं नाव एका कागदावर आडनाव आधी आणि दुसऱ्यावर नंतर असं नोंदलं गेलं, तर संगणकाच्या लेखी ती दोन माणसं होतात.

आपल्या उदाहरणात 17 तारखेच्या फोनवर उत्तर मिळालं ते असं. निवासी डॉक्टरने 10 जुलैलाच कच्चा रिपोर्ट लिहिला होता. वरिष्ठांनी तो पाहिला आणि सीटीच्या फॉर्मवर शेरा मारला: "नळीत स्टेंट आहे का? लक्षणं काय? कळवा." कारण सीटी मागवण्याच्या फॉर्मवर लक्षणांच्या रकान्यात एकच शब्द होता, "पोटदुखी". गर्दीच्या ओपीडीत कोणीतरी घाईने तो लिहिला होता. शेरा ज्या फॉर्मवर मारला तो फॉर्म परत कोणाकडे गेलाच नाही. वरिष्ठ उत्तराची वाट पाहत होते, शस्त्रक्रिया विभाग रिपोर्टची, आणि मुलगा खिडकीवरच्या "परवा या"ची.

वरिष्ठांचा प्रश्न रास्त होता. स्टेंट म्हणजे तुंबलेली नळी मोकळी ठेवायला आत बसवलेली बारीक नळकांडी. ती बसवल्यावर सीटी काढला तर आजूबाजूचा भाग सुजलेला दिसतो, धातूची सावली पडते आणि गाठीची कड नीट ओळखता येत नाही. म्हणून शक्य असेल तेव्हा सीटी आधी, स्टेंट नंतर. प्रतिमा वाचणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर सूज आणि गाठ यांत गफलत होऊ शकते. "पोटदुखी" एवढ्यावर रेडिओलॉजिस्ट आख्खं पोट बघतो. "न दुखणारी कावीळ, वजन घटतंय" असं लिहिलं असतं तर तो आधी स्वादुपिंडाचं डोकं आणि त्याला लागून जाणाऱ्या रक्तवाहिन्या बघतो, आणि ते नाव यादीत वर सरकतं. माझं सरळ मत असं की रिपोर्टच्या पाठपुराव्याचं चांगलं पत्र म्हणजे मूळ फॉर्मवर जे लिहायला हवं होतं आणि राहून गेलं, ते लिहून काढण्याची दुसरी संधी. "लवकर द्या" या दोन शब्दांपेक्षा लक्षणांची चार वाक्यं रिपोर्टला जास्त वेगाने हलवतात, कारण त्यांनी वाचणाऱ्याचं अडलेलं काम सुटतं.

पत्रातला दुसरा वजनदार भाग म्हणजे बिलिरुबिनचे दोन आकडे. 9.4 आणि 15.2 यांत फरक फक्त पिवळेपणाचा नाही. अशा रुग्णांत शस्त्रक्रियेआधी स्टेंट घालून कावीळ उतरवावी की थेट शस्त्रक्रिया करावी, हा वाद बरीच वर्षं चालला. कावीळ उतरली की शस्त्रक्रिया सुरक्षित होईल, असं वाटणं साहजिक होतं. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी साधारण दोनशे रुग्णांवर याची पद्धतशीर तुलना केली आणि 2010 मध्ये निष्कर्ष छापले. आधी स्टेंट घातलेल्यांपैकी 74 टक्क्यांना गंभीर गुंतागुंत झाली, थेट शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी 39 टक्क्यांना. जंतुसंसर्ग, स्टेंट तुंबणं असे प्रकार त्यात होते. तेव्हापासून, शक्य असेल तर थेट शस्त्रक्रिया, हा कल रूढ झाला. पण त्या अभ्यासात घेतलेल्या रुग्णांचं बिलिरुबिन आपल्या मापात साधारण 2.3 ते 14.6 या दरम्यान होतं. त्याच्या वर कावीळ गेलेल्या रुग्णांना तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही. अशांत शल्यविशारद आधी नळी मोकळी करण्याकडे झुकतात.

म्हणजे 8 जुलैला हा माणूस थेट शस्त्रक्रियेच्या वाटेवर असू शकत होता. 16 जुलैला तो त्या रेषेच्या किंचित पलीकडे गेला. आठ दिवसांत गाठ फार वाढली असेल असं नाही. पण उपचारांत एक जास्तीची प्रक्रिया, तिची जोखीम आणि तिच्यानंतरची वाट पाहण्याची मुदत शिरली. पत्रात हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले की शस्त्रक्रिया विभागाला हे समजावून सांगावं लागत नाही. "रुग्णाची प्रकृती खालावत आहे" या वाक्याने ते कळत नाही.

तिसरी गोष्ट, 5 ऑगस्ट. सीटीचा उपयोग कायम टिकत नाही. गाठ रक्तवाहिनीला चिकटली आहे का, यकृतात पसरली आहे का, यावर शस्त्रक्रियेचा निर्णय ठरतो, आणि या आजारात ही स्थिती काही आठवड्यांत पालटू शकते. म्हणून शस्त्रक्रियेच्या आधीच्या चार आठवड्यांतला सीटी धरावा असा दंडक आहे. रिपोर्ट दहा दिवस पडून राहिला तर त्या चार आठवड्यांतले दहा दिवस गेले. मग शस्त्रक्रियेची तारीख, योजनेतून खर्च मंजूर होण्यासाठी लागणारे कागद, भूलतज्ज्ञांची तपासणी, हे सगळं उरलेल्या दिवसांत बसवायचं. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून उपचार घ्यायचे तर आधी मंजुरी लागते, आणि मंजुरीच्या कागदांत तपासणीचा रिपोर्ट लागतो; नुसत्या फिल्मवर काम भागत नाही.

फिल्मचा विषय निघालाच आहे तर: बरेच जण विचारतात, फिल्म तर हातात आहे, मोबाइलवर फोटो काढून एखाद्या ओळखीच्या डॉक्टरला दाखवली तर? फिल्मवर शेकडो छेदांपैकी निवडक छेदच छापलेले असतात, तेही लहान आकारात. त्याचा मोबाइलवर काढलेला फोटो म्हणजे आणखी तपशील गळालेला. मोठी गाठ त्यात दिसेलही; गाठ रक्तवाहिनीला किती बाजूंनी टेकली आहे, हे दिसणार नाही. सीडीत मात्र सगळे छेद असतात. रिपोर्ट खूपच लांबणार असेल तर ती सीडी दुसऱ्या रेडिओलॉजिस्टला दाखवणं हा खरा पर्याय आहे. म्हणून ती घरातल्या पिशवीत दुमडू नये, पावसात भिजू देऊ नये.

आता प्रश्न असा की हे पत्र लिहिणं गगनबावड्याच्या डॉक्टरचं काम होतं का? सीटी त्याने सांगितला नव्हता. ज्याने तपासणी सांगितली त्याने निकाल पाहावा, हाच नियम योग्य आहे, आणि म्हणूनच पत्राची प्रत शस्त्रक्रिया विभागाला गेली. पण रुग्णाचे डोळे रोज कोण पाहतंय? बिलिरुबिन पुन्हा कोणी तपासलं? घरच्या माणसाला कोणाचा फोन नंबर पाठ आहे? दोन विभाग एकमेकांची वाट पाहत असतात तेव्हा त्या दोघांच्या बाहेरचा माणूसच ते ओळखू शकतो.

परदेशातही हेच झालेलं आहे. डब्लिनच्या टालाट रुग्णालयात 2005 ते 2009 या काळात काढलेले जवळपास 58 हजार एक्स-रे वरिष्ठ रेडिओलॉजिस्टने वाचलेलेच नव्हते, हे 2010 मध्ये उघडकीला आलं. ज्या डॉक्टरांनी ते काढायला सांगितले त्यांनी ते डोळ्यांखालून घातले होते. म्हणून "कोणीतरी पाहिलंय" असं सगळ्यांनीच धरलं. त्याच रुग्णालयात फॅमिली डॉक्टरांनी रुग्णांसाठी पाठवलेली हजारो पत्रंही पुढे न सरकता पडून होती. त्यावर उघडपणे बोलणाऱ्यांत टालाटमध्येच प्रॅक्टिस करणारे डॉक्टर टॉम ओ'डाउड होते. मॉरिस हेज यांनी केलेल्या चौकशीनंतर हे सगळं लेखी नोंदलं गेलं. इथे लक्षात घेण्यासारखं हे की, न आलेला रिपोर्ट आवाज करत नाही. आलेला वाईट रिपोर्ट टेबलावर दिसतो. न आलेला कोणाच्याच टेबलावर नसतो. तो दिसावा म्हणून डॉक्टरच्या दवाखान्यात एक साधी वही लागते: कोणाला कुठल्या तपासणीसाठी पाठवलं, तपासणी कधी झाली, निकाल कधी अपेक्षित, आला का. ती वही आठवड्यातून एकदा वाचली नाही तर 11 तारखेचा रिपोर्ट राहिल्याचं 16 तारखेलाही कळणार नाही. रुग्ण पुन्हा दारात येईल तेव्हाच कळेल, आणि पावसाळ्यात तो लवकर येत नाही.

17 जुलैला दुपारी प्राथमिक निष्कर्ष फोनवर कळला. तो डॉक्टरने लिहून घेतला आणि सांगणाऱ्याचं नाव, वेळ नोंदवून परत वाचून दाखवला. फोनवर "गाठ नाही" आणि "गाठ आहे" यांत एका शब्दाचं अंतर असतं, म्हणून परत वाचून दाखवणं सोडू नये. लेखी रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला: स्वादुपिंडाच्या डोक्यात 2.6 सेंटिमीटरची गाठ, पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नळी दोन्ही फुगलेल्या, मोठ्या शिरेला गाठ एका बाजूने टेकलेली पण वेढा घातलेला नाही, यकृत स्वच्छ. म्हणजे शस्त्रक्रियेचा विचार करता येईल अशी अवस्था.

रिपोर्ट आला की तो वाचण्यातही काळजी लागते. आधी नाव, वय, तारीख आणि क्रमांक पत्रातल्याशी जुळतात का ते पाहायचं. मग शेवटचा निष्कर्ष वाचून थांबायचं नाही. मधल्या मजकुरात रक्तवाहिन्यांबद्दल लिहिलेलं असतं, आणि शल्यविशारदाला तेच हवं असतं. सगळ्यात अवघड प्रसंग म्हणजे रिपोर्टमध्ये "गाठ दिसत नाही" असं येणं आणि रुग्ण मात्र पिवळाच राहणं. स्वादुपिंडाच्या काही गाठी सीटीत आजूबाजूच्या भागासारख्याच रंगाच्या दिसतात आणि निसटतात. दोन्ही नळ्या फुगलेल्या असतील आणि कारण दिसत नसेल, तर गाठ नाही असं धरायचं नाही. अशा वेळी दुर्बिणीच्या टोकाला बसवलेल्या सोनोग्राफीने आतून पाहावं लागतं. तेव्हा पुन्हा एक पत्र लिहावं लागतं, या वेळी रिपोर्ट मिळाल्याबद्दल आणि न जुळणाऱ्या गोष्टीबद्दल.

कागद मिळवण्याचा हक्कही लक्षात ठेवण्यासारखा आहे. वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारसंहितेनुसार रुग्णाने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने वैद्यकीय नोंदी मागितल्या, तर डॉक्टरने मागणीची पोच देऊन त्या 72 तासांत द्यायच्या असतात. लिहून मागितलं तर हा काळ मोजता येतो, खिडकीवर विचारलं तर येत नाही. पण हा नियम झालेल्या नोंदींसाठी आहे. सही न झालेला रिपोर्ट तो लवकर तयार करून देत नाही.

घरच्यांना डॉक्टरचं पत्र लिहिता येणार नाही, पण त्याची तयारी त्यांच्याच हातात असते. सीटीच्या खोलीतून निघताना सीटीचा क्रमांक पावतीवर आहे का ते पाहावं, नसेल तर लिहून घ्यावा. रिपोर्ट कोणत्या दिवशी, कोणत्या खिडकीवर मिळेल आणि आधी फोन करून खात्री करायची तर कुठल्या नंबरवर, हे विचारावं. फॉर्मवर लक्षणांच्या रकान्यात काय लिहिलंय ते एकदा वाचावं, आणि "कावीळ" राहून "पोटदुखी" आलं असेल तर तिथल्या तिथे सांगावं. निघण्याआधी पावतीचा फोटो काढून आपल्या डॉक्टरला पाठवावा. मांडुकलीला पाणी आलं तरी तो फोटो गगनबावड्यात पोचलेला असतो, आणि डॉक्टरला कोल्हापूरला फोन लावायला तेवढा पुरतो.